तीन लाखांचा बाँड, जीएसटीसकट साडेतीन लाखांची मागणी आणि शेवटी बावन्न हजारांत मिटलेलं प्रकरण

नोकरीच्या बाँडबद्दल कुणालाही विचारा, दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे "सही केलीस ना, मग भर आता गप्प", आणि दुसरं म्हणजे "अगं बाँड बेकायदेशीर असतो, काहीही होत नाही, सरळ निघून जा". मला दोन्ही उत्तरं पुष्कळ जणांनी दिली, अगदी छातीठोकपणे दिली, आणि दोन्ही चुकीची निघाली. म्हणून हे सगळं नीट लिहितेय, आकड्यांसकट, कारण माझ्याच बॅचचे दोघं-तिघं आत्ता याच चक्रात आहेत आणि दर आठवड्याला कुणाचा तरी फोन येतोच.

आधी थोडक्यात परिस्थिती. मी मेकॅनिकल इंजिनियर, कॅम्पसमधून चाकणच्या एका ऑटोमेशन कंपनीत जीईटी म्हणजे ट्रेनी इंजिनियर म्हणून लागले. ही कंपनी दुसऱ्या कारखान्यांत वेल्डिंग रोबोट बसवून देते, प्रोग्रामिंग करून लाईन चालू करून देते. सुरुवातीचा पगार २२,०००. पहिले दोन महिने आत क्लासरूम आणि डेमो सेल, मग रोबोट बनवणाऱ्या कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरला कोर्स, त्याची फी, प्रवास, राहणं सगळं आमच्या कंपनीने केलं, पगारही चालू होता. जॉइन होतानाच १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर बाँड: ३६ महिने सोडायचं नाही, सोडलं तर ३,००,००० रुपये, आणि सिक्युरिटी म्हणून सही केलेले दोन कोरे चेक. २१ महिने झाल्यावर मला पुण्यातच दुसरीकडे बरी नोकरी मिळाली, मी राजीनामा दिला, दोन महिन्यांचा नोटीस पिरियड करायला तयार होते. म्हणजे शेवटच्या दिवशी २३ भरणार होते, पण कंपनीने नोटीस पूर्ण करूच दिली नाही, राजीनाम्याच्या त्याच आठवड्यात नॉलेज ट्रान्सफर करून घेतलं आणि मोकळं केलं, त्यामुळे सगळा हिशोब २१ महिन्यांवरच राहिला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो, कारण नोटीस पे मागायची त्यांची वाट त्यामुळे बंद झाली आणि तसा मेल मी मॅनेजर सरांकडून लेखी घेतला होता.

चार दिवसांनी मेल आला. बाँडचे ३,००,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४,०००, एकूण ३,५४,०००, सात दिवसांत भरा, नाहीतर रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही, चेक बँकेत टाकू, आणि "कायदेशीर तसेच फौजदारी कारवाई" करू. शेवटचा पगार ३१,४०० आणि लीव्ह एन्कॅशमेंटचे ८,६०० असे ४०,००० त्यांनी आधीच अडकवून ठेवले होते.

घरी बाबा म्हणाले शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, सोसायटीतून कर्ज काढतो, भरून टाक. त्यांचं चुकत नव्हतं, त्यांनी आयुष्यभर कागदावर सही म्हणजे शब्द असं मानलंय. पण मला एकच प्रश्न पडत होता की २१ महिने काम केलेल्या मुलीने आणि दुसऱ्या दिवशी पळून गेलेल्या मुलाने सारखेच तीन लाख कसे काय द्यायचे? आत्याच्या ओळखीने शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका वकील मॅडमकडे गेले. त्यांनी मला पहिलं वाक्य जे सांगितलं त्याने सगळी दिशाच बदलली: "बाँडवर लिहिलेला आकडा हे तुझं कर्ज नाहीये, ती फक्त वरची मर्यादा आहे."

याचा अर्थ त्यांनी असा समजावला. कराराचा कायदा १८७२ चा आहे, त्यात कलम ७४ आहे. करार मोडल्यावर अमुक रक्कम द्यायची असं करारातच लिहिलेलं असेल तर समोरच्याला मिळते ती "वाजवी भरपाई", आणि ती त्या लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे तीन लाख हे छत. त्याच्या खाली किती, ते खरं नुकसान काय झालं त्यावर. प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करायची गरज नाही असेही शब्द त्या कलमात आहेत आणि कंपन्यांचे वकील नोटिशीत नेमके तेच टाकतात, पण सुप्रीम कोर्टाने २०१५ च्या कैलाश नाथ प्रकरणात स्पष्ट केलंय की नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं, ती सूट आहे ती नुकसान मोजणंच अवघड असतं तिथे. आणि ट्रेनिंगचा खर्च मोजता येतो की! बिलं असतात, व्हाउचर असतात.

मग त्यांनी एक निकाल सांगितला जो मला आता पाठच झालाय. दिल्ली हायकोर्ट, २०११, सिक्पा इंडिया या कंपनीची केस. बाँड दोन लाखांचा, तीन वर्षांचा. कर्मचाऱ्याने दोन वर्षं काम करून सोडलं. कंपनीचा प्रत्यक्ष ट्रेनिंग खर्च निघाला ६७,५९५. कोर्टाने काय केलं, तर तीनपैकी दोन वर्षं त्याने काम केलंय म्हणजे खर्चाचा दोन तृतीयांश फायदा कंपनीला मिळालाय, राहिला एक तृतीयांश, म्हणून २२,५३२ रुपये द्या. दोन लाखांच्या जागी साडेबावीस हजार. मी हे ऐकून जवळजवळ उड्याच मारायला लागले होते तर मॅडम म्हणाल्या थांब, दुसरी बाजू पण ऐक.

दुसरी बाजू म्हणजे विजया बँकेची केस, १४ मे २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. बँकेत सीनियर मॅनेजर म्हणून लागलेल्या माणसाने तीन वर्षं व्हायच्या आत २००९ मध्ये दुसऱ्या बँकेसाठी राजीनामा दिला, बाँडचे दोन लाख निषेध नोंदवून भरले आणि मग कोर्टात गेला. कर्नाटक हायकोर्टात जिंकला, सुप्रीम कोर्टात हरला. कोर्टाने म्हटलं की नोकरी चालू असतानाच्या काळापुरती अशी अट म्हणजे त्याच करार कायद्याच्या कलम २७ खाली येणारी धंद्यावरची बंदी नव्हे, सरकारी बँकेला जाहिरात देऊन सगळी भरती प्रक्रिया पुन्हा करावी लागते, त्याचा खर्च आणि वेळ असतो, आणि त्या पदाच्या पगाराच्या मानाने दोन लाख काही अवाजवी नाहीत. म्हणजे "बाँड बेकायदेशीर असतो" हे वाक्य २०२५ नंतर तर अजिबातच बोलू नका कुणी. त्याच निकालात हेही आहे की छापील फॉर्मवर सही घेणाऱ्या कंपनीची ताकद आणि नोकरी मागणाऱ्याची ताकद सारखी नसते, आणि अशा अटी योग्य आहेत हे दाखवायची जबाबदारी मालकाची. पण तेवढाच भाग घेऊन नाचण्यात अर्थ नाही. (डॉक्टरांचे सरकारी बाँड हा वेगळा विषय आहे, त्याचे नियम वेगळे, त्यात हे सगळं लावू नका.)

तर मग विचार करायची पद्धत अशी झाली: बाँड चालतो की नाही हा वाद बाजूला ठेवायचा, चालतो असंच धरायचं, आणि विचारायचं की माझ्यावर खरोखर खर्च किती केलात, त्यातला किती माझ्या कामातून वसूल झाला आणि उरला किती. मॅडमच्या सल्ल्याने मी एचआरला एकच मेल केला, अगदी थंड भाषेत. बाँडची सही झालेली कॉपी पाठवा, माझ्यावर झालेल्या ट्रेनिंग खर्चाचा तपशील बिलांसह पाठवा, आणि कोणत्या तरतुदीखाली जीएसटी लावलाय ते सांगा. शेवटी एक ओळ, की वाजवी आणि सिद्ध झालेल्या खर्चाबद्दल बोलायला मी तयार आहे. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे असं मॅडम म्हणाल्या, कारण उद्या प्रकरण कोर्टात गेलंच तर मी पहिल्या दिवसापासून पळत नव्हते हे कागदावर दिसतं. "मी काहीही देणं लागत नाही" असं लिहायचं नाही आणि "मी तीन लाख देणं लागते पण हप्ते द्या" असंही लिहायचं नाही, दुसरं तर अजिबात नाही कारण ती कबुलीच होते. फोनवर काहीही ठरवायचं नाही हेही सांगितलं होतं. एचआर मॅडमचे फोन आले की मी म्हणायचे, "मॅडम, मेलवर टाका ना प्लीज, मी लगेच उत्तर देते."

बरेच दिवस काहीच नाही. मग एक एक्सेल शीट आली, आणि खरं सांगते, हे प्रकरण त्या शीटवरच मिटलं. शीटमध्ये पाच ओळी होत्या. बाहेरच्या कोर्सची फी ८२,६००. प्रवास आणि राहणं २४,४००. ट्रेनिंगच्या सहा महिन्यांचा पगार १,३२,०००. सीनियर इंजिनियरने शिकवण्यात घालवलेला वेळ ६०,०००. भरतीचा खर्च २५,०००. बेरीज ३,२४,०००. म्हणजे त्यांचं म्हणणं आम्ही तर तीन लाखांपेक्षा जास्तच खर्च केलाय, तुला चोवीस हजार सोडलेत.

एकेक ओळ घेऊन बसले. कोर्स फीचं बिल त्यांनी सोबत जोडलं होतं आणि बिल खरंच होतं, माझ्या नावासकट. पण ८२,६०० मध्ये मूळ फी ७०,००० आणि जीएसटी १२,६०० होता, आणि असा धंद्यासाठी केलेल्या ट्रेनिंगवरचा जीएसटी कंपनी इनपुट क्रेडिट म्हणून परत घेते, म्हणजे तो खर्च त्यांच्या खिशातून गेलेलाच नाही. हे मला माझ्या सीए मैत्रिणीने बिल बघून दोन मिनिटांत सांगितलं. म्हणजे ७०,०००.

प्रवासाच्या बिलांत हॉटेल आणि रेल्वेचे मिळून १८,००० कोर्सच्या तारखांचे होते, ते मान्य. उरलेले ६,४०० हे त्यानंतरच्या महिन्यात गुजरातच्या एका साईटला गेले होते त्याचे होते, आणि साईटला तर मी काम करायला गेले होते, शिकायला नव्हे.

पगाराची ओळ सगळ्यात मोठी आणि तिथेच खरा वाद. सहा महिने ट्रेनिंग म्हणजे सहा महिने पगार फुकट दिला असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे कस्टमरच्या लाईनवर गेलं की दिवसाच्या शेवटी सर्व्हिस रिपोर्ट भरायचा असतो, इंजिनियरचं नाव, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, काय काम केलं, आणि खाली कस्टमरच्या माणसाची सही. तिसऱ्या महिन्यापासूनच्या रिपोर्टवर माझं नाव होतं. टीच पेंडंट म्हणजे रोबोटचा कंट्रोलर हातात घेऊन रोबोटला वेल्डचे पॉइंट शिकवणं, सायकल टाइम कमी करणं, रात्रपाळीला लाईन थांबली तर उभं राहणं, हे सगळं मी "ट्रेनी" असतानाच करत होते आणि कंपनी त्याचे दिवसाच्या हिशोबाने पैसे कस्टमरकडून घेत होती. रिपोर्टची इंजिनियर कॉपी आम्हाला मिळते, नियमाप्रमाणे माझ्याकडची ती मी ठेवली होती. इथे एक सांगते, कंपनीचे ड्रॉइंग, प्रोग्रामचे बॅकअप, कस्टमरची माहिती असलं काहीही पुराव्यासाठी म्हणून घरी आणू नका, त्याने तुमच्यावरच दुसरं प्रकरण शेकेल. स्वतःची हजेरी, स्वतःच्या पगाराच्या स्लिपा, स्वतःला आलेले ट्रान्सफरचे मेल, एवढं पुरतं. तर सहापैकी खरं ट्रेनिंग पहिले दोन महिने, म्हणजे फार तर ४४,०००. आणि ते ४४,००० सुद्धा द्यायचे की नाही यावर मॅडम म्हणाल्या की दोन्ही बाजूंनी बोलता येईल, त्या काळात कंपनीला काहीच काम मिळालं नाही म्हणून तो खर्च धरा असं कोर्ट म्हणू शकतं, किंवा पगार हा हजेरीचा मोबदला आहे असंही. म्हणून हा आकडा आपण "वादातला" म्हणून बाजूला ठेवायचा.

सीनियरचा वेळ ६०,०००, याला एकही कागद नव्हता. त्या सरांचा पगार मी नसते तरी द्यावाच लागला असता, माझ्यामुळे जास्तीचा काय गेला? शिवाय ज्या आठवड्यांत त्यांनी मला शिकवलं असं शीटमध्ये होतं त्यातल्या काही दिवशी ते स्वतः दुसऱ्या साईटवर होते. हे मी त्यांच्याबद्दल तक्रार म्हणून नाही सांगत, माणूस फार चांगला होता आणि जे शिकवलं ते जेवणाच्या सुट्टीत शिकवलं.

भरतीच्या २५,००० बद्दल मात्र मॅडम सावध होत्या. विजया बँकेच्या निकालात कोर्टाने भरतीच्या खर्चाचा विचार केलाय, त्यामुळे हे सरळ उडवून लावता येत नाही. पण आमच्या बाँडमध्ये वाक्य होतं की ही रक्कम "ट्रेनिंगवर केलेल्या खर्चापोटी" आहे, भरतीचा शब्दही नव्हता, आणि भरती म्हणजे आमच्या कॉलेजमध्ये एका दिवसात उरकलेला कॅम्पस ड्राइव्ह. म्हणून तुमचा बाँड कशासाठी आहे ते वाक्य शब्द न शब्द वाचा, सगळा हिशोब त्या वाक्यावर बसतो.

तर पक्का खर्च ७०,००० अधिक १८,००० म्हणजे ८८,०००. ३६ पैकी १५ महिने राहिले, त्या प्रमाणात ३६,६६७. वादातला दोन महिन्यांचा पगार धरला तर १,३२,००० च्या प्रमाणात ५५,०००. माझं देणं खरं तर या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी होतं. हे कागदावर मांडल्यावर मला पहिल्यांदा नीट झोप लागली, कारण ३,५४,००० या आकड्याशी भांडता येत नाही, पण ३६ आणि ५५ हजारांमधल्या आकड्यावर बोलता येतं.

जीएसटीचे ५४,००० तर एका मेलमध्ये गेले. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं ३ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे, क्रमांक १७८, त्यात स्पष्ट लिहिलंय की कर्मचाऱ्याने मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून घेतलेली बाँडची रक्कम किंवा नोटीस पे हा कुठल्या सेवेचा मोबदला नाही, त्यामुळे त्यावर जीएसटी लागत नाही. मी परिपत्रकाचा नंबर टाकून विचारलं, पुढच्या पत्रात जीएसटीची ओळ गायब. ज्या ज्या मुलांच्या मागणीत जीएसटी लावलेला असेल त्यांनी सगळ्यात आधी हे करा.

चेकची भीती मात्र खरी होती आणि ती हसण्यावारी नेऊ नका. कोरा सही केलेला चेक त्यांनी तीन लाखांचा भरून टाकला आणि तो परत गेला तर कलम १३८ ची केस होऊ शकते, आणि बँकेला "स्टॉप पेमेंट" सांगितलं म्हणून त्यातून आपोआप सुटका होत नाही. बचाव असा असतो की चेक सिक्युरिटी म्हणून दिला होता आणि तेवढं देणं नव्हतंच, पण चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा आधी गृहीत धरतो आणि ते खोडणं आपल्यावर येतं. म्हणून मॅडमनी चेक टाकायच्या आधीच कंपनीला स्पीड पोस्टने पत्र पाठवायला लावलं: अमुक नंबरचे दोन चेक जॉइनिंगच्या दिवशी कोरे, सिक्युरिटी म्हणून दिलेत, रक्कम वादात आहे, एवढ्या रकमेचं देणं मला मान्य नाही, चेक परत करा. आणि चेक परत गेलाच तर चेक परत गेल्याची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत त्यांना नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला आपल्याकडे पंधरा दिवस असतात, ती नोटीस न घेता परत पाठवायची नाही, उत्तर द्यायचंच. माझ्या बाबतीत चेक टाकले नाहीत. माझ्या बॅचच्या एका मुलाची तर ओरिजिनल डिग्री एचआरच्या कपाटात आहे, त्याला पण लेखी मागणी करायला सांगितलंय, बाँडच्या पैशांसाठी कुणाची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायचा कंपनीला काही हक्क नाही.

"फौजदारी कारवाई" वर मॅडमनी फार वेळ घालवला नाही. करार मोडणं आणि फसवणूक या वेगळ्या गोष्टी, सही करतानाच फसवायचा हेतू होता असं असेल तरच फसवणूक, आणि २१ महिने रात्रपाळ्या करणारी मुलगी तो हेतू घेऊन आली होती असं कोण म्हणणार.

अजून एक धमकी आली मधेच, वकिलाच्या नोटिशीतून, की बाँडच्या उरलेल्या काळात मी त्याच क्षेत्रातल्या कंपनीत काम करू शकत नाही, नव्या कंपनीलाही नोटीस पाठवू. यावर आपल्या कल्याणचाच एक जुना निकाल आहे, १९६७ चा, सेंच्युरी स्पिनिंगचा. तिथल्या रेयॉन कारखान्यात टायर कॉर्डचं तंत्र हॉलंडच्या कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर आलं होतं, ते शिकलेला माणूस पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या स्पर्धक कंपनीत गेला, आणि सुप्रीम कोर्टाने त्याला कराराच्या उरलेल्या मुदतीत तसं काम करायला मनाई कायम ठेवली. म्हणजे ही धमकी अगदीच पोकळ नाही. पण तिथे खरं गुपित होतं. मी शिकले तो कोर्स फी भरून कुणीही करू शकतं, सेंटरच्या वेबसाइटवर त्याचं वेळापत्रक असतं, आणि माझ्या बाँडमध्ये पैसे द्यायचं लिहिलं होतं, दुसरीकडे काम करायचं नाही असं कलमच नव्हतं. नोटिशीला मॅडमनी पंधरा दिवसांच्या आत हे सगळं लिहून उत्तर दिलं, आणि मी नव्या कंपनीच्या एचआरला आधीच सांगून ठेवलं होतं की बाँडचा वाद चालू आहे. लपवलं असतं आणि व्हेरिफिकेशनमध्ये कळलं असतं तर ते जास्त वाईट झालं असतं. त्यांनी रिलीव्हिंग लेटरऐवजी राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि पगाराच्या स्लिपा तात्पुरत्या चालवून घेतल्या.

मग बोलणी. त्यांनी आधी १,७५,००० ला या म्हटलं. हा आकडा कुठून आला तर त्यांनी ३६ महिने कन्फर्मेशनपासून मोजले, म्हणजे सहा महिने वगळून, मग माझे राहिलेले महिने १५ ऐवजी २१ झाले आणि तीन लाखांचे ३६ पैकी २१ म्हणजे पावणेदोन लाख. बाँडमध्ये स्वच्छ "जॉइनिंगच्या तारखेपासून" लिहिलेलं होतं, माझ्याकडे फोटो होता, तो दाखवला. एचआर हेड सर म्हणाले, "बेटा, प्रमाणात कमी होईल असं बाँडमध्ये कुठेही लिहिलेलं नाही." मी म्हटलं, "सर, तुम्हीच आत्ता प्रमाणात आकडा काढून दिलात, आपण फक्त खऱ्या खर्चावर काढूया." त्यानंतर मात्र बोलणं सुरळीत झालं. त्यांनाही माहीत होतं की कोर्टात गेलं तर ती शीट त्यांना बिलांसकट उलगडून सांगावी लागेल आणि सर्व्हिस रिपोर्ट समोर येतील. मला माहीत होतं की दावा लावायला त्यांच्याकडे तीन वर्षं आहेत आणि तेवढा काळ डोक्यावर तलवार ठेवून मला जगायचं नाही. मी ३७ वर होते, ते ८० वर आले, शेवटी ५२,००० वर ठरलं. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की ५५ च्या आत काहीही असेल तर घे, पुढे केस लढवण्याचा खर्च आणि तारखा धरल्या तर तेच स्वस्त.

पैसे देताना क्रम सांभाळा, इथे घाई करायची नाही. आधी समझोत्याचा कागद दोन्हीकडून सही होऊन, त्यात स्पष्ट लिहून की ५२,००० पूर्ण आणि अंतिम, त्यातले ४०,००० माझ्या अडकलेल्या पगार आणि रजेच्या पैशांतून वळते, उरलेले १२,००० मी बँक ट्रान्सफरने देणार, त्याच दिवशी कंपनी दोन्ही चेक मूळ स्वरूपात परत देणार, रिलीव्हिंग आणि एक्सपिरियन्स लेटर देणार, आणि कुठलाही दावा पुढे करणार नाही. चेकचे नंबर कागदावर घातले. माझा पगार असा परस्पर अडकवणं मुळात बरोबर होतं का हा वेगळा वाद आहे, पगारातून काय काय कापता येतं त्याची यादीच कायद्यात आहे आणि बाँडची रक्कम त्यात नावाने नाही, आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाल्यावर तर राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असतो. मी तो मुद्दा बोलणीत वापरला पण त्यावर वेगळी तक्रार केली नाही, कारण सगळं एकाच कागदात मिटत होतं. ज्यांचं मिटत नाहीये त्यांनी लेबर ऑफिसमध्ये पगाराची तक्रार वेगळी टाकावी, ती बाँडच्या वादात गुंतवून ठेवू नये.

पीएफला ते हात लावू शकत नाहीत हेही सांगते कारण फोनवर पहिला प्रश्न हाच असतो. कंपनीने एक्झिट डेट टाकली नाही तर शेवटचं योगदान जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर `Mark Exit` मधून आपण स्वतः टाकू शकतो, मी तसंच केलं, आणि बॅलन्स नव्या खात्यात आला.

माझ्या बॅचच्या त्या डिग्री अडकलेल्या मुलाची शीट परवा आली. त्याला बाहेरच्या कोर्सला पाठवलंच नव्हतं, तरी ८२,६०० ची ओळ त्याच्याही शीटमध्ये आहे, आणि बिल मागितल्यावर त्यांनी पाठवलेल्या बिलावर नाव माझं आहे. त्याचं उत्तर आज रात्री आम्ही दोघं मिळून लिहितोय.